दहापैकी सहा

सुनेचं एक वागणं मुकादमिणीच्या डोक्यात जायचं. घरात येऊन अकरा वर्षं झाली, तरी ती खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहून विचारायची, "आई, येऊ का?" अगं, तुझंच घर, तुझाच पलंग, विचारतेस कोणाला? पण नाही. भांड्यातलं शेवटचं वाढून घ्यायची नाही, खुर्चीच्या टोकावर बसायची, आणि फोनवर समोरच्यानं चूक केली तरी सॉरी हीच म्हणायची. मुलगा होता तोवर तो चेष्टा करायचा, की हिला स्वतःच्या लग्नातही आमंत्रण लागलं असतं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. आता चेष्टा करायलाही घरात कोणी उरलं नव्हतं, दोघी बायका तेवढ्या.

मुकादमीण हे नाव तिला हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीनं दिलेलं. तीस वर्षं तिनं तिथं हुकमत गाजवली. सही करायला ती चाळिशीत शिकली, आणि वाचायचं म्हटलं तर अजूनही अक्षराला अक्षर जोडत जावं लागे. पण हे तिनं कोणाला कळू दिलं नव्हतं. चष्मा घरी राहिला, म्हणायची. सून त्याच हॉस्पिटलात, तळमजल्यावर, ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करतात त्या विभागात होती. धुवायची, सुकवायची, कात्रीची धार भिंगाखाली बघायची, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात लावायची, आणि बाहेर काढल्यावर वाफ पुरेशी लागल्याचं दाखवणाऱ्या पट्टीचा रंग बदलला का ते पाहून वहीत मांडायची. तिच्या हातून गेलेला हत्यारांचा संच कधी परत आला नाही, हे डॉक्टर लोक बोलून दाखवत. मुकादमीण ते चारचौघांत सांगे, सुनेसमोर मात्र चुकूनही नाही.

विभागाच्या इन्चार्ज बाई रिटायर होणार होत्या. त्यांच्या जागेसाठी जाहिरात काढायची म्हणून ऑफिसनं त्यांच्याकडे मागितलं, या कामाला माणूस कसा लागतो ते लिहून द्या. बाईंनी तो कागद सुनेपुढे सरकवला. तुझं अक्षर चांगलं, तूच लिही. सुनेनं दोन दिवस बसून दहा गोष्टी काढल्या. इतक्या वर्षांचा अनुभव, कामाचं सर्टिफिकेट, यंत्रांच्या नोंदी, ड्युट्या लावणं, प्रत्येक ऑपरेशनचा संच तोंडपाठ असणं, नव्या लोकांना शिकवणं. मग तिला आठवत गेलं, आपलं कुठं कुठं अडतं. कॉम्प्युटरवर हत्यारांचा माग ठेवायचा तर दुसऱ्याला हाक मारावी लागते. वाफ न सोसणाऱ्या नाजूक वस्तूंचं गॅसचं यंत्र आपण कधी चालवलं नाही. खरेदीचे कागद कळत नाहीत. पदवी नाही. तेही सगळं तिनं लिहिलं. येणाऱ्या माणसाचं असं अडू नये, एवढाच तिचा विचार.

जाहिरात लागली त्या संध्याकाळी ती अर्जाचा कोरा फॉर्म घेऊन आली. जेवणाच्या टेबलावर आपल्या हातचा कच्चा कागद पसरून पेन्सिलीनं एकेका ओळीपुढे खूण करत बसली. दोनदा मोजलं. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली, "आई, दहापैकी सहाच आहेत माझ्याकडे. भरू का अर्ज?"

मुकादमीण भांडी विसळत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "माझ्या लॉन्ड्रीत दहातल्या सहाच चादरी स्वच्छ निघाल्या असत्या ना, तर दुसऱ्या दिवशी मला गेटातून आत घेतलं नसतं."

सून हसली. फॉर्मची चार पदरी घडी करून तिनं ड्रॉवरमध्ये अंथरलेल्या कागदाखाली सरकवली. विषय संपला. मुकादमिणीला तर आपण काही लागेलसं बोललो असं वाटलंही नाही.

महिन्याभरानं बाहेरून एक गृहस्थ त्या जागेवर आला. सून घरी येऊन सांगायची, माणूस भला आहे, पण संच कुठला कुठं लावायचा हे अजून बसत नाही, तर रोज तासभर मी थांबते. आणि रात्रीचं जेवण झालं की टेबलावर बसून त्याच्यासाठी वहीत एकेक संच उतरवून काढायची. मुकादमीण पाहायची. काहीतरी टोचायचं, पण काय ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं.

मग एके सकाळी ती ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला हॉस्पिटलात गेली आणि सवयीनं तळमजल्यावरच्या सुनेच्या विभागात शिरली. नव्या माणसाला सगळं सोपवून देण्याचा इन्चार्ज बाईंचा शेवटचा आठवडा. कपाट रिकामं करत बसल्या होत्या. चहा मागवला, जुन्या गोष्टी निघाल्या, आणि बोलता बोलता बाई सुनेच्या अर्जावर आल्या. म्हणाल्या, अर्जाच्या शेवटच्या दिवशी पाच वाजेपर्यंत मी ऑफिसात बसून होते मावशी. वाटलं, आता येईल, मग येईल. यादी तिच्याकडून लिहून घेतली ती काय उगाच?

मुकादमिणीनं तोऱ्यात सांगितलं, की सहाच गोष्टी होत्या तिच्याकडे, आमच्या घरात अर्धवट कामाला हात घालत नाहीत.

बाईंनी कपाटातून जाहिरातीचा छापील कागद काढून तिच्यासमोर धरला. मुकादमिणीनं तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. अक्षरं मुंग्यांसारखी पळत होती. तिनं कागद परत दिला आणि तीस वर्षांत जे कधी म्हणाली नव्हती ते म्हणाली.

"मला वाचता येत नाही नीट. तुम्ही वाचा."

बाईंनी बोट ठेवून वाचलं. वर पाच गोष्टी, आवश्यक. त्यांच्याखाली आडवी रेघ. रेघेखाली लिहिलेलं, पुढील बाबी असल्यास प्राधान्य, नसल्यास पहिल्या वर्षात प्रशिक्षण देण्यात येईल. ही रेघ ऑफिसनं मारलेली. सगळं सगळ्यांकडे कुठून असणार, असा साधा हिशेब. सुनेकडे रेघेवरचं सगळं होतं, शिवाय खालचं एक, संच तोंडपाठ असणं. आलेल्या माणसाकडे वरचे पाच, खालचं काही नाही. अर्ज दोनच आले होते, आणि दुसऱ्याकडे सर्टिफिकेटच नव्हतं.

"ऑफिसनं भिंतीवर लावलेला कागद तिनं वाचला नाही का?" बाईंनी विचारलं.

मुकादमिणीला टेबल आठवलं, पेन्सिल आठवली. सुनेनं खुणा केल्या होत्या त्या स्वतःच्या कच्च्या कागदावर. स्वतः लिहिलेलं, तोंडपाठ. छापील कशाला कोण पाहतंय? त्या कागदावर रेघ नव्हतीच. दहा ओळी एकाखाली एक, सगळ्या सारख्या वजनाच्या. बाईंनी मागवलेला चहा तसाच निवून गेला. गोळ्या घ्यायच्या राहिल्या त्या राहिल्याच.

संध्याकाळी सून आली, हातपाय धुतले, वही काढली आणि टेबलाशी खुर्चीच्या टोकावर बसली. मुकादमिणीनं ड्रॉवर उघडला, कागदाखालचा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला आणि बाईंनी वाचलेलं सगळं, रेघेसकट, सांगितलं. सून घडीवरून बोट फिरवत राहिली. म्हणाली, रेघ होती होय, आणि पेन्सिल उचलून वहीत पुढचा संच लिहायला घेतला. अक्षर नेहमीसारखं सरळ येत होतं.

मुकादमिणीनं ती वही मिटली.

"ऐक. चादर मळकी असली तर ती परत धुवावी लागते, माणूस कामावर राहून शिकतो. तीस बायकांना मी तसंच शिकवलं, आणि त्या दिवशी तोंडातून भलतंच निघालं. माझं चुकलं, ते मी माझ्या पदरात घेतलं. पण मी लॉन्ड्रीतली बाई, मला तुझ्या खात्यातलं काय कळतं? मला दारात उभी राहून विचारलंस आणि ऑफिसातल्या लोकांना विचारलंच नाहीस. 'नाही' असं सांगायला त्यांनी पगारी माणसं बसवली होती गं. ते काम आपण दोघींनी घरात बसून फुकट करून दिलं."