पावकिलोची ऑर्डर

दुकानाच्या मागच्या खोलीत, जिथे ऑनलाइन ऑर्डरींचा सुटा माल वजन होऊन खोक्यात जातो, तिथल्या बाईंना सगळे काटेताई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण नऊ वर्षं काट्यासमोर बसल्यावर आडनाव कोण लक्षात ठेवणार? रोज सकाळी आल्या आल्या त्या किलोचं पितळी माप काट्यावर ठेवत, आकडा बरोबर एक किलो आला की मान हलवत आणि मगच मापाचा डबा बाकड्याखाली सरकवत. आपला काटा खोटं बोलत नाही, याचा त्यांना अभिमान होता. थोडा जास्तच होता.

माल उचलून आणायचे ते तात्या. तात्यांचा हात म्हणजे नवल होतं. कुणी अर्धा किलो वांगी मागवली की ते रॅकमधून मूठभर उचलत, दोन काढत, एक ठेवत, आणि काट्यावर आकडा यायचा चारशे नव्वद, पाचशे दहा. मग काटेताई वजन नोंदवत, तात्या माल खोक्यात भरत, आणि काटेताई ‘अंतिम’चं बटण दाबत. ते दाबलं की गिऱ्हाइकाच्या कार्डावरून पैसे जात. तोवर ते नुसते अडवलेले असत.

ही भानगड लोकांच्या लवकर ध्यानात येत नसे. बटाटा किलो मागवला तरी तो नेमका किलो भरेल थोडाच? म्हणून ऑर्डर देतानाच दुकान अंदाजाच्या रकमेवर पंधरा टक्के चढवून तेवढे पैसे कार्डावर धरून ठेवी. वजन झालं की खरी रक्कम घेई आणि उरलेली सोडून देई. धरलेल्या रकमेच्या वर मात्र एक पैसाही घेता येत नसे. माल त्याहून जास्त भरला तर वरचं दुकानाच्या अंगावर.

आणि तेच हल्ली होत होतं. तीन आठवड्यांपासून.

मंगळवारी नवे साहेब कागद घेऊन आले. ते कधी ओरडत नसत, म्हणून त्यांची जास्त भीती वाटे.

“काटेताई, हे बघा. लहान ऑर्डरी आहेत सगळ्या. धरलेली रक्कम पूर्ण घेतली जाते आणि वर दुकान सोडून देतंय. आधी असं महिन्यातून एखाद वेळी व्हायचं.”

“तात्यांचा हात सैल झाला असेल.”

“मला पण तसंच वाटलं. पण मग हे वाचा.” त्यांनी दुसरा कागद पुढे केला. गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या, पाच. पाचांचंही म्हणणं एकच की बिलात वजन जास्त आहे, पिशवीत कमी. “तुमच्या काट्यावर माल जास्त भरतो आणि घरी कमी पोचतो. मधे काय होतं?”

मधे फक्त तात्या होते. साहेबांनी नाव घेतलं नाही, काटेताईंनीही नाही. पण त्यांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

त्या दिवसापासून त्यांनी डोळ्यांत तेल घालून पाहायला सुरुवात केली. तात्या किलोभर गाजरं आणत, काटा एक किलो साठ दाखवी. पूर्वी असं व्हायचं नाही. मुद्दाम जास्त उचलतात आणि भरताना वरचं काढून घेतात, असा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होऊ लागला. त्यात तात्यांचं बोलणंही कमी झालं होतं. आकडा बघून ते आपल्या तळहाताकडे बघत आणि विचारत, “किती म्हणालात, ताई?” पूर्वी त्यांना विचारावं लागत नसे. साधेपणाचं सोंग चांगलं जमतंय, असं काटेताईंना वाटलं.

शिवाय ती पिशवी. तात्या चारला घरी जाताना त्यांच्या खांद्याला एक मळकी कापडी पिशवी असे आणि ती येताना रिकामी, जाताना फुगलेली. नऊ वर्षं ती दिसत होती. नऊ वर्षांत काटेताईंनी कधी विचारलं नव्हतं की आत काय. दुपारचा डबा दोघं एकाच बाकड्यावर खात, तात्यांच्या बायकोच्या आजारपणात काटेताई तीन वेळा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. तरीही गुरुवारी सकाळी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पिशवी बघून घ्या.”

चार वाजता दाराशी, रखवालदारासमोर, साहेबांनी पिशवी उघडायला लावली. आत कोबीची वरची पानं निघाली. सोलून टाकलेली, चिरलेली, कचऱ्याच्या टोपलीतली.

“नातीनं ससे पाळलेत,” तात्या म्हणाले.

“विचारलं होतंत कुणाला?”

“कचऱ्याचं काय विचारायचं, साहेब?”

“उद्या बारा वाजता माझ्याकडे या. तोवर मालाला हात लावू नका.”

तात्यांनी पिशवी उचलली. जाताना त्यांनी काटेताईंकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की जणू ओळख पटवून घेत होते. काटेताईंनी मनाला समजावलं, की आज पिशवीत पानं होती म्हणून काल काय होतं ते कुणी सांगावं. संशय एकदा बसला की त्याला पुरावा लागत नाही, उलट पुरावा नसला की तो जास्त फोफावतो. रात्रभर त्यांना तो पुरला.

शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमारास एक म्हाताऱ्या बाई थेट मागच्या खोलीत आल्या. शाळेत मास्तरीण असणार, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. एका हातात स्वयंपाकघरातला छोटा काटा, दुसऱ्या हातात वही.

“इथे वजन कोण करतं?”

“मी.”

“मी एकटी राहते. सगळं पावकिलो, फार तर अर्धा किलो मागवते. दर आठवड्याला तुम्ही पैसे अडवता, मग थोडे सोडता. मी ते लिहून ठेवते. तीन आठवडे झाले, एक पैसा सुटला नाही.” त्यांनी वही उघडून बाकड्यावर ठेवली. “म्हणून घरी वजन केलं. डावीकडे तुमचं, उजवीकडे माझं. वाचा. मोठ्यानं वाचा.”

काटेताई वाचू लागल्या. शाळेत असल्यासारखंच वाटलं. “मिरची, तीनशे दहा, दोनशे पन्नास. भेंडी, तीनशे पाच, दोनशे पंचेचाळीस. लसूण, तीनशे वीस, दोनशे साठ. भोपळ्याची फोड, सहाशे तीस...”

“पाचशे सत्तर,” बाई म्हणाल्या. “वजाबाकी करा.”

वजाबाकी करायची गरज नव्हती. साठ. साठ. साठ. साठ.

काटेताईंचं बोट वहीवर थांबलं. मिरचीतून साठ ग्रॅम, भोपळ्यातूनही साठच. कापलेल्या फोडीतून साठ ग्रॅम कुणी कसं काढेल? आणि कसला चोर प्रत्येक पिशवीतून मोजून साठ ग्रॅम काढत बसेल, लसणाची एक पाकळी इकडची तिकडे होऊ न देता? चोर साठ ग्रॅम घेत नव्हता. साठ ग्रॅम आधीपासूनच काट्यावर बसलेले होते.

त्यांनी निळा ट्रे उचलला. सुटा माल ट्रेमध्ये ठेवून वजन करायचं आणि ‘ट्रे’ लिहिलेलं बटण दाबायचं, म्हणजे ट्रेचं वजन वजा होतं. बटणात ट्रेचे एकशेवीस ग्रॅम भरून ठेवलेले होते. रिकामा ट्रे त्यांनी काट्यावर ठेवला आणि बटण दाबलं.

आकडा शून्य यायला हवा होता. साठ आला.

जुने ट्रे तडकले म्हणून नवे आणले होते, तीन आठवड्यांपूर्वी. कुणी आणवले? काटेताईंनी. दोन वेळा वर जाऊन भांडून आणले होते, “पातळ नकोत, जाड बुडाचे द्या” असं बजावून. रंग तोच, आकार तोच, बूड जाड. आणि रोज सकाळी त्यांनी पितळी माप ठेवलं होतं ते नुसत्या काट्यावर, ट्रेशिवाय. काटा खरं तेच बोलत होता. बटण दाबणारीच खोटं वजन नोंदवत होती.

बाकड्यामागे बावीस खोकी उभी होती, काल तात्यांनी भरलेली आणि चौकशीसाठी थांबवलेली. वजन झालेली, ‘अंतिम’ न दाबलेली. पैसे अजून अडवलेलेच होते, घेतलेले नव्हते. तेवढी वजनं दुरुस्त करून, बटणात ट्रेचा नवा आकडा भरून गप्प बसलं तर सोमवारपासून सगळं सुरळीत झालं असतं. लोक म्हणाले असते, तात्या गेले आणि चोरी थांबली. घड्याळात साडेअकरा झाले होते. हा विचार काटेताईंच्या मनात आला, हे त्यांनी पुढे कुणालाच सांगितलं नाही.

“मग, काय म्हणणं आहे तुमचं?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“चूक माझी आहे,” काटेताई म्हणाल्या. “चला माझ्याबरोबर. वही घेऊन.”

साहेबांच्या खोलीत त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि सगळं उभ्यानंच सांगितलं. साहेबांनी मागच्या खोलीत येऊन काट्यावर दोनदा खात्री केली, मग वहीतले आकडे ओळीनं तपासले.

“बावीस खोक्यांचं वजन पुन्हा करा. त्यांचं सोपं आहे, खरी रक्कम घेऊ, बाकीची सुटेल. पण तीन आठवड्यांचे पैसे घेऊन झालेत. ते अडवलेले नाहीत की सोडून द्यावेत. एकेकाला परत पाठवावे लागतील.” त्यांनी वही मिटली. “आणि तात्यांचं मी काय करू?”



बाराला तात्या आले. साहेबांनी त्यांना काय सांगितलं ते दाराआड राहिलं. पाच मिनिटांनी तात्या मागच्या खोलीत आले, एप्रन बांधला आणि पहिलं खोकं उघडून पिशव्या बाकड्यावर मांडू लागले. काटेताईंनी बटणात एकशेऐंशी भरले.

पहिलीच गाजरं. आकडा आला एक किलो.

तात्या आकड्याकडे बघत राहिले. मग तळहाताकडे.

“तीन आठवडे मला वाटत होतं, हात गेला,” ते म्हणाले. “घरी पण सांगितलं, आता जमत नाही म्हणून.”

“तात्या, मी चुकले.”

“हो,” तात्या म्हणाले आणि पुढची पिशवी ठेवली.

साडेतीनपर्यंत बावीस खोकी झाली. प्रत्येकाची रक्कम थोडी खाली आली, प्रत्येकाचे थोडे पैसे सुटणार होते. मास्तरीणबाईंना परत पाठवायच्या रकमेचं चलन काटेताईंनी स्वतः भरलं. डब्याची वेळ टळून गेली होती. दोघांनीही डबा उघडला नाही.

चार वाजता तात्यांनी एप्रन सोडला, टोपलीतली कोबीची पानं उचलून पिशवीत घातली आणि दाराकडे न जाता काटेताईंसमोर आले. पिशवीचं तोंड उघडं ठेवून त्यांनी ती काट्यावर ठेवली.

“अहो, तात्या, काय हे? उचला ती.”

“नोंदवा, ताई,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. “रोज नोंदवत जा.”

आणि आकडा वाचला जाईपर्यंत ते उभे राहिले.