हिरवं टोक

आमच्या वाचनालयाच्या तळघरात जो थ्री-डी प्रिंटर आहे, त्याच्या कपाळावर कागदी टेपची एक पट्टी असते. ती पट्टी ही माझी कल्पना. चाळीस वर्षं मी साच्यांच्या कारखान्यात काढली, निवृत्त झालो, बायको म्हणाली घरात पायात पायात येतोस, म्हणून इथे फुकट राबायला लागलो. मंगळवार आणि शनिवार. आल्या आल्या पहिला नियम हा केला, की यंत्राच्या पोटात शेवटची कोणती प्लास्टिकची तार होती ते जाताना पट्टीवर लिहायचं. पीएलए की पीईटीजी, दोन जातींचं प्लास्टिक. लिहायला विसरला त्याला एक महिना यंत्र बंद. कोणी कुरकुर केली की मी म्हणायचो, "नियम कॅझिमिर वोयतानलाही लागू आहे." कॅझिमिर वोयतान म्हणजे मीच.

नियम उगाच नव्हता. पीएलए दोनशे दहा अंशांवर सुखाने वितळतं. पीईटीजीला दोनशे चाळीस लागतात. (हिवाळ्यात आम्ही फॅरनहाइटमध्ये कुडकुडतो, पण ह्या एका यंत्रापुरते सगळे सेल्सिअस बोलतो.) पीईटीजी काढून पीएलए घालायचं तर आधी नोझल, म्हणजे वितळलेली तार जिथून बाहेर पडते ते तोंड, दोनशे चाळीसवरच ठेवायचं, नवी तार हातभर ढकलून बाहेर काढायची, जुन्या रंगाचा मागमूस राहिला नाही असं दिसलं की मगच आच दोनशे दहावर आणायची. घाई करून आधीच आच कमी केली, तर नोझलच्या कडांना चिकटलेलं पीईटीजी धड वितळत नाही. घट्ट चिकासारखं तोंडाशी बसतं आणि मागून येणाऱ्याची वाट अडवतं. हे मी शंभर जणांना शिकवलं असेल.

बर्निस लास्की माझी सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, बर्फात, धुक्यात, मागे पन्नास पोरं किंचाळत असताना, आणि गाडीला एक ओरखडा नाही. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी चर्चची व्हॅन चालवून म्हाताऱ्यांना डॉक्टरकडे नेते-आणते. त्यातले निम्मे तिच्याहून लहान. तिला कागद लागायचा नाही. एकदा दाखवलं की झालं.

त्या शनिवारी ती पांढऱ्या पीएलएची तिकिटं काढायला आली होती. ईस्टरआधीच्या उपासाच्या शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून चर्चमध्ये तळलेल्या माशाची पंगत असते, तिथे ऑर्डरचे नंबर द्यायला एक ते साठ आकड्यांच्या चकत्या. पट्टीवर तिच्याच अक्षरात 'पीएलए' होतं, आधीच्या शनिवारचं. तिने दोनशे दहा लावले, तार ढकलली. केसासारखा एक धागा आला आणि यंत्र टक टक करायला लागलं. तार ढकलणारं आतलं चाक तारेवर घसरत होतं, पुढे काही जात नव्हतं.

यंत्र कोणी कधी वापरलं त्याची एक वही असते, तीत मी पाहिलं. आधीच्या शनिवारी बर्निसने काळं पीईटीजी वापरलं होतं. व्हॅनमध्ये पेले ठेवायच्या खोबणी, कारण पीएलएच्या केल्या असत्या तर उन्हात उभ्या गाडीत मऊ पडून वाकल्या असत्या. त्यानंतर वहीत कोणाचंच नाव नाही.

"बर्निस," मी म्हणालो, आणि माझा आवाज तळघरभर गेला, कारण तो जातोच, "काळं पूर्ण न काढता पट्टीवर पीएलए लिहून मोकळ्या झालात तुम्ही."

"नाही हो कॅझ. काम झाल्यावर पांढरी तार घालून दोनशे चाळीसवर ढकललं. हातभर. काळं, मग राखाडी, मग पांढरं शुभ्र. मग लिहिलं."

"ढकललं असतं तर हे बसलं असतं का?"

तिथे चार माणसं होती. वाचनालयाची जोलीन होती. सगळ्यांनी आपापल्या कामात डोकं घातलं. बर्निस लाल झाली. "मला तर चांगलं आठवतंय," ती म्हणाली, पण हळू. मी फळ्यावर तिचं नाव लिहिलं आणि पुढे 'एक महिना'. नियम म्हणजे नियम. ती कोपऱ्यात सावकाश आपलं सामान आवरायला लागली.

मग मी तुंबलेलं काढायला घेतलं. आच दोनशे चाळीस, पांढरी तार हाताने दाबून आत बसवली, मग नोझल नव्वदपर्यंत निवू दिलं आणि तार एका झटक्यात वर ओढली. अशी ओढली की आतलं सगळं त्या तारेला चिकटून येतं, नोझलच्या आतल्या आकारासकट. आली. नखाएवढं टोक. वरचा भाग पांढरा, आणि अगदी तोंडाशी काळा नाही, हिरवा. बाटलीच्या काचेसारखा, आरपार दिसणारा हिरवा.

वाचनालयात हिरवं पीईटीजी नाही. ते माझ्या घरचं आहे.

गुरुवारी दुपारी मी किल्लीने दार उघडून आलो होतो. पक्ष्यांच्या दाण्याचं घरटं टांगायला एक आकडा हवा होता, बाहेर उन्हापावसात टिकायला पीईटीजीच हवं. वहीत नाव लिहिलं नाही, मला कसली वही! आकडा झाला, हिरवी तार काढली, पांढरी आत सरकवली आणि दाताच्या डॉक्टरची वेळ झाली म्हणून बटण बंद करून पळालो. ढकललं नाही. पट्टीला हात लावला नाही.

कोट घालून निघालेल्या बर्निसची पावलं जिन्यावर वाजत होती. गुडघ्यांमुळे ती सावकाश चढते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी ते टोक शर्टाच्या खिशात टाकलं.

"सापडलं का काही?" जोलीनने विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हणालो.

मला वाटलं, एक महिन्याचा तर प्रश्न आहे. चकत्यांवाचून कोणाचा मासा अडत नाही. पुढच्या आठवड्यात गुपचूप नाव पुसून टाकू, उदार दिसू. असलं सगळं मनात आलं, खोटं बोलणार नाही. आता कशाला बोलू?

मंगळवारी ती आली. हातात स्वतःची नवी वही.

"कॅझ, मला पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगा. ह्या वेळी लिहून घेते."

मी सांगितलं. दोनशे चाळीस. हातभर. रंग बघा. मग दोनशे दहा. तिने एकेक पायरी शाळेतल्या अक्षरात लिहिली आणि प्रत्येकीखाली रेघ मारली.

"एक विचारू?" ती म्हणाली. "मला ते पांढरं आलेलं दिसतंय अजून डोळ्यांसमोर. राखाडीचं पांढरं झालेलं. त्याचीच भीती वाटते. माझी आई शेवटी अशीच सांगायची. गॅस बंद केला, मला चांगलं आठवतंय म्हणायची. आणि गॅस चालू."

खिशातलं टोक मला छातीला टोचत होतं. शर्ट तोच होता. मी तोंड उघडलं आणि तोंडातून काय निघालं? "होतं असं, बर्निस. वय झालं आपलं."

आयुष्यात मी वाईट वाक्यं बरीच बोललो आहे, फोरमन होतो मी. पण ह्या वाक्यासारखं वाक्य नाही. तिने मान हलवली, वही मिटली आणि आभार मानले. माझे!

त्या दिवसापासून घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, दात दुखतोय का? मी हो म्हणालो. तेही खोटंच.

शुक्रवारी पंगतीला गेलो. दारात चर्चची व्हॅन लागली आणि चालकाच्या जागेवरून पाद्रीबाबांचा मदतनीस, डीकन रोलंड उतरला. हा माणूस स्वतःची गाडीसुद्धा दोन जागा अडवून लावतो.

"बर्निस कुठंय?" मी विचारलं.

"आत, कोबी वाढतेय. तुम्हाला नाही कळलं? बुधवारी किल्ल्या आणून दिल्या तिने. म्हणाली, माणसं बसवते मी हिच्यात, मला भरवसा राहिला नाही. चौदा तारखेला तपासणी आहे, डोक्याची." त्याने आवाज खाली आणला. "कोणाला बोलू नका हं. फार मानी बाई आहे."

मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे आठ माणसं होती आणि एकेक सरकत होतं. सगळ्यांच्या हातात नंबराच्या कागदी चिठ्ठ्या, तेलाने पारदर्शक झालेल्या. मला पळून जावंसं वाटलं, हेही सांगून टाकतो. शेवटी टेबलापाशी पोचलो. बर्निस केसांना जाळी लावून उभी होती.

"कोबी, कॅझ?"

मी खिशातून ते टोक काढलं आणि तिच्या समोर टेबलावर ठेवलं. तिने चष्मा खाली ओढला. तिला काही समजावावं लागलं नाही, चांगली विद्यार्थिनी होती.

"हिरवं आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझं काळं होतं."

"तुम्ही सगळं बरोबर केलं होतंत. माझं आहे हे. गुरुवारी मी वापरलं, साफ केलं नाही, लिहिलं नाही."

"कधी कळलं तुम्हाला?"

मागे रांग थांबली होती. मोठ्याने बोलायची मला इतकी सवय, पण आता मी टेबलावर वाकून हळू बोललो. "शनिवारी. तुम्ही जिन्यावर होतात."

तिने पळी कोबीत ठेवली. "सहा दिवस," ती म्हणाली. "सहा दिवस मी आरशासमोर उभी राहून महिने उलटे म्हणतेय, डोकं शाबूत आहे का बघायला. डिसेंबर, नोव्हेंबर. काल जुलैनंतर अडखळले आणि तिथेच बसून रडले."

"बर्निस, मला..."

"मंगळवारी मी तुम्हाला माझ्या आईचं सांगितलं, कॅझ."

मला लाज वाटली असं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं आहे. मी साठ माणसांसमोर उभा होतो आणि कोणी चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने माझ्या ताटात कोबी वाढला, मापात, सगळ्यांना वाढला तेवढाच. मग मागे बघून म्हणाली, "पुढे या."

मासा मी खाल्ला नाही. रोलंडला गाठून सगळं सांगितलं आणि किल्ल्या तिला परत द्यायला लावल्या. तिने त्या घेतल्या म्हणे, पण तपासणी रद्द केली नाही.

शनिवारी लवकर जाऊन फळ्यावरचं तिचं नाव पुसलं आणि तिथे माझं लिहिलं. पट्टीवर लिहिलं: 'गुरुवार. पीईटीजी, हिरवं. साफ केलं नाही. वोयतान.' ते तसंच ठेवलं, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं म्हणून. जोलीनने वाचलं आणि माझ्याकडे न बघता पुस्तकांची गाडी ढकलत निघून गेली.

दहा वाजता बर्निस आली. मला वाटलं नव्हतं येईल. पट्टी वाचली. वही काढून यंत्राशेजारी उघडी ठेवली. आत पीईटीजी नव्हतंच, मी स्वतः ओढून साफ केलं होतं, हे तिलाही माहीत होतं. तरी तिने पहिल्या ओळीवर बोट ठेवून दोनशे चाळीस लावले. दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून तार ढकलली. हातभर. पांढरी, नितळ, पहिल्यापासून पांढरी. पूर्वी हिला कागद लागायचा नाही.

तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं. तिथे लिहिलं होतं, 'रंग बघा.' तिने खाली वाकून बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग वळली.

"कॅझ," ती म्हणाली, "पांढरंच आहे ना हे? तुम्हालाही पांढरंच दिसतंय ना?"