पेंगुळलेलं, पण जागं

राजांच्या पापण्या जड झाल्या होत्या. राजे म्हणजे पाच महिन्यांचा मुलगा. हे नाव त्याच्या बापाने ठेवलं होतं, कारण घरात दुसऱ्या कुणाचं काही चालतच नव्हतं. आईने श्वास रोखला, कमरेत वाकली आणि त्याला हळूच उताणं पाळण्यात ठेवलं. पाठ गादीला टेकली. एक हात तिने काढून घेतला. दुसरा काढताना राजांनी दोन्ही हात फेकले, डोळे टक्क उघडले आणि असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरच्या कुत्र्यानेही साथ दिली.

"पेंगुळलेलं, पण जागं असतानाच खाली ठेवायचं," असं लसीकरणाच्या वेळी सिस्टरांनी सांगितलं होतं. त्यामागचं कारणही सांगितलं होतं, आणि ते पटण्यासारखं होतं. मूल कुशीत झोपलं आणि पाळण्यात जागं झालं, तर कुशी कुठे गेली म्हणून घाबरतं. पण पाळण्यातच डोळा लागला असेल, तर मध्येच जाग आली तरी सगळं जिथल्या तिथे दिसतं आणि ते पुन्हा आपलं आपण झोपतं. ऐकायला सोपं. उंटावरून शेळ्या हाकायलाही सोपंच असतं.

नणंदेची मुलगी ठेवली की झोपायची. "वहिनी, मी फक्त दिवा मालवते हं," असं नणंद फोनवर म्हणाली, तेव्हा हिला फोन भिंतीवर आपटावासा वाटला. नवरा सुतार. त्याचं म्हणणं, "तू घाई करतेस. लाकूडसुद्धा घाईत बसवलं की करकरतं." मग बसव तूच, असं ती म्हणाली. त्याने बसवून पाहिलं, दहा मिनिटांत हात टेकले आणि कामावर निघून गेला. डॉक्टरांनी कान पाहिले, पोट पाहिलं, वजन पाहिलं. सगळं छान. म्हणजे खोट आपल्यातच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं, आणि ते तिला आतून कुरतडत होतं.

ती बस चालवायची. आगारात सगळे तिला कॅप्टन म्हणायचे. सोमवारी रजा संपत होती. सकाळचा मोठा मार्ग तिने भांडून मिळवला होता, आणि सोमवारी ती हजर झाली नाही तर तो दुसऱ्याला जाणार होता. हजर व्हायचं तर राजांना पाळणाघरात ठेवायला हवं. आणि पाळणाघराच्या ताईंनी आधीच बजावलं होतं, "याला धरून चार पोरं होतील आणि हात दोनच. शुक्रवारी आण. कसा झोपतो ते बघून सांगते."

शुक्रवारी तिने शक्कल लढवली. याला इतकं दमवायचं की पाठ टेकताच झोपला पाहिजे! सकाळपासून तिने त्याला झोपू दिलं नाही. डोळे मिटले की खुळखुळा, जांभई आली की खिडकी, कुरकुर सुरू झाली की आरसा. निघेपर्यंत राजे लाल झाले होते आणि कशानेच गप्प होत नव्हते. त्यातच बाबागाडीत, पाळणाघर कोपऱ्यावर आलं असताना, त्याची मान कलंडली. फाटकाचा आवाज झाला तसा तो पुन्हा जागा झाला. चार क्षणांची ती डुलकी भुकेल्याला घासभर दिल्यासारखी होती. भूक भागली नव्हती, पण जेवणाची वेळ मात्र बिघडली होती.

पाळणाघराची खोली लहान होती. चार छोट्या खाटा, एक सतरंजी, धुतलेल्या दुपट्यांचा वास. तीन मुलं झोपली होती. ताईंनी राजांना शांत केलं, पापण्या जड होऊ दिल्या आणि खाटेत ठेवलं. टाहो. उचललं, थोपटलं, पुन्हा ठेवलं. टाहो. झोपलेल्यांपैकी एक उठलं आणि तेही सुरात सूर मिसळू लागलं.

दाराबाहेर चपला ठेवायच्या जागेवर ती मटकन बसली. गेलं सगळं. मार्ग गेला, गाडी गेली, आणि एवढंसं काम जमत नाही अशी आई उरली. तिला पोराचा राग आला, मग त्या रागाची भीती वाटली, आणि मग ती तोंडावर ओढणी दाबून रडली.

बऱ्याच वेळाने आतला आवाज थांबला. ताई दारात आल्या. राजे त्यांच्या खांद्यावर होते, तोंड उघडं, हात सैल लोंबत होता.

"सकाळपासून झोपू दिलं नाहीस ना याला?"

"दमला की झोपेल असं वाटलं."

"अती दमलेलं पोर झोपत नाही, चवताळतं." ताई तिच्याशेजारी टेकल्या. "आणि रोज खाली कधी ठेवतेस?"

"डोळे मिटत आले की. पण जागा असतो हो तो. मला दिसतं ना!"

"तिथेच घोडं पेंड खातं. बरीच पोरं त्या वेळी जागी असतात, कळतं त्यांना, आपल्याला खाली ठेवलं म्हणून. याच्यासारखी तेवढ्यात झोपेत शिरलेली असतात. डोळे किलकिले दिसतात, पण आत डुलकी सुरू झालेली असते. मग ठेवलं की पडल्यासारखं वाटतं, दचकतात. आणि डुलकीने झोपेची धारही बोथट होते."

"मग माझं काय चुकतं?"

"काही नाही. त्याचा पिंडच तसा आहे. काहींना तो मधला टप्पा झेपतच नाही. अशाला पुरता झोपवून ठेवावं, हात असा सैल पडेपर्यंत. नाहीतर टक्क जागा असताना ठेवून शेजारी हात धरून बसावं. एक-दोन महिन्यांनी परत करून बघायचं." त्यांनी राजांची मान सावरली. "सोमवारी आण. एक खांद्यावर, तीन खाली. बसवीन मी."

जागा मिळाली! तिने हात जोडले. आणि जोडलेले हात तसेच राहिले.

डोळे उघडे, आत डुलकी.

काल आगारात प्रशिक्षकाबरोबर तिने रिकामी बस चालवून पाहिली होती. लांब रजेवरून येणाऱ्या सगळ्यांना ते करावं लागतं. सिग्नलला ती थांबली. लाल दिवा दिसत होता, अगदी स्पष्ट. मग मागून भोंगे वाजू लागले, प्रशिक्षकाने "अगं कॅप्टन!" म्हणून हाक मारली आणि ती दचकली. दिवा कधीचा हिरवा झाला होता. "विचारात होते," असं ती हसून म्हणाली. तिला खरंच वाटलं होतं की आपण जागे आहोत.

"ताई," ती म्हणाली, "मी पण झोपले होते. काल. स्टिअरिंगवर." एवढं बोलून तिने सगळं सांगितलं.

मग तिने आगारप्रमुखांना फोन लावला. सोमवारी गाडी काढणार नाही, रात्रीची झोप नाही, काल सिग्नलला डोळा लागला, हे तिने जसंच्या तसं सांगितलं.

"मार्ग जाईल मग. तोवर पास देण्याच्या खिडकीवर बसावं लागेल."

"बसते."

मग नवऱ्याला. मागे करवतीचा आवाज येत होता.

"झोपला का तो?" त्याने उत्साहाने विचारलं.

"झोपला. ऐक, आजपासून अर्धी रात्र तुझी."

"अगं, माझ्याकडे रडतो तो. तुला माहीत आहे ना—"

"तुझ्या खांद्यावर रडू दे. एकटा नाही ना रडत तो. काल सिग्नलला डोळा लागला माझा. माझ्या गाडीत साठ माणसं बसतात रे. काल ती नव्हती, एवढंच."

करवत थांबली.

"निघालो," तो म्हणाला.