कनातीमागचं दार

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप करून पुसलं, कारण यात जळलं काहीच न्हाई. नुसता एक माणूस दमला.

तो म्हणजे संगमेश. लातुरात त्याचा छोटा कॅफे हाय. भिंतींना लागून टेबलं, मधून एक वाट, मागच्या भिंतीत गल्लीकडं उघडणारं दार. दिवाळीची सजावट त्यानं उमाशंकरवर सोडली होती. हा शाळेपासूनचा दोस्त, लग्नाचे मंडप टाकतो. कॅफेचं काम त्याचं पहिलंच. संध्याकाळी निलंग्याचा एक हॉटेलवाला बघायला येणार होता. त्याला पटलं असतं तर लग्नसराई नसतानाबी उमाशंकरला काम मिळत राहिलं असतं. म्हणून गड्यानं जीव ओतलेला.

दुपारी सामान घेऊन संगमेश आला आणि उंबऱ्यातच थांबला. मागची अख्खी भिंत भगव्या कनातीनं झाकलेली. आग विझवायचं सिलिंडरबी तिच्याच मागं. वाटेत झोपाळा. लायटिंगची वायर फरशीवरून आडवी. कॅफेत वाढणारी दामिनी चहाचा ट्रे घेऊन अंग चोरत निघाली होती, मनगटावर चहा सांडलेला. झोपाळ्यावर बसूनच वाढत जाऊ का, असं तिनं विचारलं. हसायचं त्राण संगमेशमध्ये नव्हतं.

"उम्या, मागचं दार कुठंय?"

"कनातीमागं हाय की."

"धूर झाला तर माणसं कशी निघतील?"

"कशी म्हणजे? कनात उचलायची न् निघायचं. आमच्या मंडपात दार हुडकतंय का कुणी?"

खरंच होतं ते. मंडपाला चारी बाजूंनी कापड, कुठूनबी उचला, बाहेर मोकळं रान. संगमेशनं त्याला वाटेत उभं केलं, डोळे मिटायला लावले, म्हणाला, निघ आता.

उमाशंकर ऐटीत गेला, कनात उचलली, हात भिंतीला लागला. सरकला, पुन्हा उचलली. पुन्हा भिंत. तिसऱ्यांदाबी भिंतच लागली तेव्हा त्यानं डोळे उघडले आणि कनात सोडवायला स्टूल ओढलं.

मग चहाचं गिऱ्हाईक सांभाळत सांभाळत सगळं उतरवणं आलं. झोपाळा टेम्पोत गेला. कनात कापून दारापासून लांब, गॅसपासून त्याहून लांब. आग विझवायचं सिलिंडर उघड्यावर, हाताला येईल असं. वायर भिंतीवरून वर नेली. झेंडू नुसता दाराच्या चौकटीवर, दाराच्या फळीला एक फूल न्हाई. संगमेशच्या खांद्यात गोळे आले होते.

उमाशंकर उरलेल्या कापडाची घडी घालत बसला.

"आता काय दाखवू त्याला? भिंत?"

संगमेश त्याच्या शेजारी टेकला.

"तू काय बोलू नको," तो म्हणाला. "मी दाखवतो त्याला. भरल्या गर्दीत वाटेनं मागं नेतो, दार उघडून गल्लीत उभा करतो, न् सांगतो की माझ्या दोस्तानं सजवलंय. शब्द देतो तुला."