दुसऱ्याच्या नावाला ओ

जेस्पर घर सोडून गेला त्याला महिनाही झाला नव्हता, आणि मेरेते आस्गरकडे राहायला निघाली. डेन्मार्कमधल्या एस्बियर्गच्या बंदरावर त्या दिवसांत धुकं उठायचं नावच घेत नव्हतं. तिची बहीण बोडिल गाडीत बॅगा ठेवता ठेवता म्हणाली, "अगं, जेस्परची उशी अजून तुझ्या पलंगावर आहे. ती तरी गार होऊ दे!"

"मला झोप लागते आस्गरकडे," मेरेते म्हणाली. "तुला काय कळणार? नऊ वर्षांनी माणूस एकदम उठून जातो ना, तेव्हा घर गिळायला येतं."

ते खोटं नव्हतं. जेस्पर गेल्यावर तिचं अन्नपाणी सुटलं होतं. फोन हातातून सुटत नव्हता. त्याने काही टाकलंय का, नवी बाई कोण, हे बघता बघता उजाडायचं. आरशात बघितलं की वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट असणार. मग पोहण्याच्या तलावावर आस्गर भेटला. त्याचीही विबेके नुकतीच त्याला सोडून गेलेली. "तू हसतेस छान," एवढंच तो बोलला, आणि मेरेतेला कितीतरी दिवसांनी भूक लागली. दोघांचा पहिला फोटो तिने मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा टाकला. जेस्परला दिसावा म्हणून.

आस्गरच्या घरी ती खरंच सावरली. फोन बघणं थांबलं. राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा ठेवून दोघं खिडकीशी बसून खायची, आणि आपण कुणाला तरी हवे आहोत या उबेत तिची पाठ पुन्हा ताठ झाली. रडू मात्र एकदाही आलं नाही. तिला वाटलं, बरं झालं, संपलं.

तिने त्याला निळा लोकरी स्वेटर आणला. मग म्हणाली, "दाढी वाढव ना, शोभेल तुला." त्यानेही तिला केस कानापर्यंत कापायला लावले. "खूप छान दिसशील," म्हणाला. चहात ती कधी दूध घालत नसे. आता घालू लागली, कारण तो तसाच करून द्यायचा. कोपऱ्यातल्या खुर्चीत ती बसली की तो खुलायचा, दुसरीकडे बसली की उगाच कावराबावरा व्हायचा. एकदा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी कुंपणापलीकडून हात केला, "विबेके! आलीस का परत?" मेरेतेने हात हलवला. "मी ती नव्हे" म्हणायचं तिला सुचलंच नाही.

एका रविवारी दुपारी ती दुकानातून परतली. धुकं खिडकीच्या काचांना टेकलं होतं. खिडकीशी पाठमोरा जेस्पर उभा होता. तोच स्वेटर, तीच मान, उजव्या पायावर भार टाकून उभं राहायची तीच लकब. तिच्या हातातली पिशवी खाली आली. त्याने वळून बघितलं. आस्गर होता.

"काय झालं?"

"काही नाही." तिने सामान उचललं आणि स्वयंपाकघरात गेली. कॉफी करता करता सवयीने हाक गेली, "जेस्पर, साखर घालू?"

"हो, घाल," बाहेरून उत्तर आलं. अगदी सहज. क्षणभराने तोच आवाज म्हणाला, "आणि ती दाराची फट बंद कर ना, विबेके."

मेरेते गेली आणि फट बंद केली. कडीवर हात तसाच राहिला. घरात चौघं होती, आणि त्यातली दोघंच श्वास घेत होती.

ती त्याच्यासमोर येऊन बसली. कोपऱ्यातल्या खुर्चीत नाही, जमिनीवर. "तू ऐकलंस?"

"ऐकलं." आस्गरचा चेहरा पांढरा पडला होता. "हे नाव तू आधीही घेतलंयस. मी तसाच ओ द्यायचो. कुणीतरी हाक मारतंय ना, कुणाच्या का नावाने."

"माझा आवडता रंग सांग."

त्याची नजर तिच्या कपड्यांवरून फिरली. "तुझा?"

"बघ. मलाही तुझा माहीत नाही."

"पण मेरेते, तू आलीस म्हणून मी जेवायला लागलो, बाई. त्याआधी नुसता भिंतीकडे बघत पडायचो."

"मीही. तेवढं खरंच झालं." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पण जेस्पर का गेला, हे मी कुणालाच विचारलं नाही. मी त्याला गमावलंच नाही, आस्गर. तुझ्या अंगावर चढवला त्याला, अंगरख्यासारखा."

भांडण झालं नाही. त्याने बॅगा गाडीपर्यंत नेऊन दिल्या. न्यायला आलेल्या बोडिलने हीटर तेवढा वाढवला. घरी पोचल्यावर मेरेते जेवणाच्या टेबलाशी बसली आणि रडली. पोटात कळ येईपर्यंत, जेस्परचं नाव घेत. ते रडणं उन्हाळ्यापर्यंत अधूनमधून येत राहिलं. भूक मात्र पुन्हा गेली नाही, झोपही नाही.

शरदात बेकरीच्या रांगेत एक गुळगुळीत दाढी केलेला माणूस तिच्यापुढे होता. पाव घेऊन तो वळला, तिच्याकडे बघून ओळखीचं हसावं की नाही अशा पेचात थबकला. मेरेतेलाही कळेना. इतके दिवस एका पलंगावर झोपलेला आस्गरचा हा चेहरा ती जन्मात पहिल्यांदा नीट बघत होती.