बोटावरचे सत्त्याण्णव

घोरणं हा आजार असतो, हे आमच्या घरात कुणाला पटतच नव्हतं. बापूजी, म्हणजे माझे सासरे हिरालालजी, समुद्रपुरातल्या आमच्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईकाशी बोलता बोलता डुलक्या घ्यायचे आणि लोक हसायचे. अंगानं अवाढव्य माणूस, पण ताटातली एक पोळी कमी करा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

वर्ध्याच्या डॉक्टर चारुतांनी बापूजी जागे असतानाच त्यांचं रक्त तपासलं. "झोपेत घसा मिटून श्वास अडतो, तो आजार यांना आहेच," त्या म्हणाल्या. "पण नुसता तोच असता तर दिवसा रक्त ठीक आलं असतं. यांच्या रक्तात जागेपणीही कार्बन डायऑक्साइड साचलाय. वजनानं छाती दबते आणि मेंदूही आता जोरानं श्वास घ्यायला सांगत नाही. रात्री हे मशीन मास्कमधून हवा आत ढकलेल. साचलेला वायू बाहेर पडेल, दमलेले स्नायू विसावतील, मग दिवसाचा श्वासही सुधारेल."

मास्क मात्र बापूजींना नको असायचा.

मी अल्लीपूरला माहेरी जाऊन भरदुपारी परतले, तर सासूबाई भलत्याच खुशीत. "गुंजन, पाह्य, हे कसे शांत झोपून राह्यले! घोरणं नाई, काई नाई." मास्क कपाटात गेला होता आणि कोरोनात घेतलेलं ऑक्सिजनचं मशीन माळ्यावरून उतरलं होतं, त्याची नळी बापूजींच्या नाकात होती. त्यांच्या बोटावरच्या यंत्रावर सत्त्याण्णव आकडा होता.

शेजारी जेवणाचं ताट तसंच होतं. बापूजींनी ताट सोडलं, असं या घरात कधी झालं नव्हतं.

त्यांचा चेहरा लालबुंद आणि हात गरम होते. जोरात हाक मारली तेव्हा डोळे अर्धे उघडले, पुन्हा मिटले. मी डॉक्टरांना फोन लावला.

"ते यंत्र ऑक्सिजन मोजतं, कार्बन डायऑक्साइड नाही," त्या म्हणाल्या. "जास्त ऑक्सिजननं यांच्यात तो वायू आणखी चढतो. ऑक्सिजन एकदम बंद करू नका, कमी करा, आकडा नव्वदच्या आसपास राहू दे. हाकेला डोळे उघडतात ना? मग मास्क लावा, जवळून हलू नका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा."

"आई, मास्क काऊन काढला?" मी ओरडलेच. आजवर त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता.

"त्यायचा जीव घाबरे वं," सासूबाई रडायला लागल्या. "अन् आकडा तं चांगला होता!"

वर्ध्याच्या दवाखान्यात बापूजी दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. मास्क जरासा उचलून त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

"लय गोड झोप लागली होती," ते म्हणाले. "काऊन उठवलं मले?"

सासूबाईंनी मास्क परत बसवला आणि पट्टा स्वतः घट्ट ओढला.