उस्तानीबाईंशिवाय शाळा

निजामाच्या राज्यात उमरग्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला दोनच उस्तानीबाई होत्या. एक शिवगंगाबाई आणि दुसऱ्या द्वारकाबाई. सदर मुदर्रिसाची, म्हणजे मुख्य बाईंची जागा चार वर्षं रिकामीच होती, आणि ती शिवगंगा तात्पुरती चालवत होती. तात्पुरती म्हणजे काय, तर काम सगळं करायचं आणि खुर्ची आपली म्हणायची न्हाय!

घरात कानडी, वर्गात मराठी, आणि उर्दू? ती तिनं शेजारच्या बानूबाईकडे बसून अशी घोटली, की सरकारी इम्तिहान पहिल्या झटक्यात पास. आता फक्त ट्रेनिंगची सनद राहिली होती. हैदराबादला वर्षभर राहायचं, सनद आणायची, की जागा कायम. पुढं तपासणीच्या बाई व्हायची वाटही तिथूनच जाते. पण तिशी ओलांडली की ट्रेनिंगला घेत नसत, आणि शिवगंगाला दिवाळीत तीस वर्षं पुरी होणार होती. शाळेतून एकीचंच नाव जाणार, आणि ते तपासणीच्या बाई ठरवणार.

"अक्का, उद्या जरा अडखळा की," द्वारकाबाई तिच्या खांद्याला खांदा लावून म्हणाल्या. "लई चांगलं शिकवू नका."

"येड लागलंय व्हय गं? चांगलं शिकवलं तरच नाव धाडतील ना!"

द्वारकाबाई हसल्या. त्या नेहमीच हसायच्या. पाढे विसरल्या तरी हसायच्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई आल्या. हैदराबादच्या, पांढरी शुभ्र साडी, कपाळावर आठी. द्वारकाबाईंनी नकाशाचा पाठ घेतला आणि गोदावरी थेट तुंगभद्रेत नेऊन सोडली. मुली खिदळल्या, बाईंची आठी आणखी खोल गेली. द्वारकाबाईंचे डोळे भरले.

शिवगंगाला ते बघवलं नाही. तिनं तो वर्गही आपल्या वर्गात ओढला. मोठ्या मुलींपुढं धाकट्या बसवल्या, एकेकीला एकेक नदी दिली, आणि फळ्यावर पाणी वाहतंय असं वाटावं असा पाठ घेतला! मधूनच उर्दूत विचारलं, तर मुलींनी उर्दूत उत्तरं दिली. तपासणीच्या बाई उभ्याच राहिल्या.

"शाबाश! किसने सिखाया ये सब?"

"उस्तानीबाईनं!" सगळ्या ओरडल्या.

"और उस्तानीबाई छुट्टी पर हों तो?"

सिद्धम्मा नावाची धीट पोर उठली. आपल्या बाईंचं कौतुक करायची तिला भारीच हौस. छाती फुगवून म्हणाली, "त्या न्हाय तर शाळाच भरत न्हाय साहिबा! आमी घरी जातो!"

शिवगंगाला अभिमानानं रडू यायचं बाकी राहिलं होतं. शिवगंगाही वेडीच!

तपासणीच्या बाईंनी शिवगंगाला जवळ बसवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाल्या, "तुमी गेल्या तर मदरसा बंद पडेल. तुमाला कसं सोडू? द्वारकाबाईला जाऊ द्या. तिला ट्रेनिंगची गरज हाय."

"पण साहिबा, माझं वय..."

"तजुर्बा, अनुभव हाय तुमाला."

"तजुर्ब्यावर कायम करतील का?"

बाईंनी चष्मा पुसला. "कायम करायला सनद लागते."

आणि एवढंच. ज्या पाठानं नाव जायचं, त्याच पाठानं ते अडकलं.

द्वारकाबाई हैदराबादच्या मोटारीत बसताना हुंदके देत होत्या. "अक्का, म्या काय मागितलं होतं का?"

"रडू नको गं. नद्या नीट शिकून ये."

वर्षभर शिवगंगानं दोन्ही वर्ग एकटीनं चालवले. शाळा एक दिवससुद्धा बंद पडली नाही. द्वारकाबाई सनद घेऊन आल्या, आणि त्याच आठवड्यात सदर मुदर्रिस झाल्या. पहिल्या दिवशी त्या खुर्चीच्या काठावर बसल्या, जणू कोणी उठवील.

"अक्का, तपासणीला पाठ तुमीच घ्या हां. मला भीती वाटते."

"घेईन," शिवगंगा म्हणाली. आणि घेतला. तसाच.

त्या संध्याकाळी सिद्धम्मा शाळा झाडून झाल्यावर रेंगाळली. "बाई, मी पण तुमच्यासारखी उस्तानी होणार."

"हो की."

"मग आधी काय शिकू? नकाशा का हिशोब?"

शिवगंगा फळा पुसत होती. नद्या एकेक करून गेल्या.

"आधी ट्रेनिंगला जा," ती म्हणाली. "तोवर कुणाला कळू देऊ नको तुला शिकवता येतं ते."

सिद्धम्मा खळखळून हसली. बाईंनी गंमत केली असंच वाटलं तिला. ती उड्या मारत घरी गेली, आणि शिवगंगा रिकाम्या फळ्याकडे बघत ओलं फडकं पिळत राहिली.